तुमच्या एका पिशवीच्या तीन पिशव्या कशा होतात

सप्रेम नमस्कार.

शिबिर झालं की आठवड्याभरात तुमच्यापैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "मॅडम, माझं रक्त कुणाला दिलं हो?" रुग्णाचं नाव आम्हाला सांगता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती बरोबर नाही. तुमचं रक्त बहुतेक वेळा कुण्या एकाला जात नाही. त्याचे तीन भाग होतात आणि ते तीन वेगळ्या माणसांना, वेगवेगळ्या दिवशी जातात. एखादा भाग वर्षभरही आमच्याकडे राहू शकतो. आणि एक भाग असा आहे की जो पाच दिवसांत कुणाला लागला नाही तर टाकून द्यावा लागतो.

या टाकून द्याव्या लागणाऱ्या भागासाठीच हे पत्र लिहिते आहे. पावसाळा सुरू झाला की डेंगीचे रुग्ण वाढतात, व्हॉट्सअ‍ॅपवर "प्लेटलेट हव्यात" असे निरोप फिरू लागतात. त्याच महिन्यात कधीकधी आमच्याकडे प्लेटलेटच्या पिशव्या वाया गेलेल्या असतात. असं कसं होतं, हे समजायला आधी पिशवीत डोकवावं लागेल.

पिशवीत काय काय असतं

तुमचं वजन ५५ किलोच्या वर असेल तर साधारण ४५० मिलिलिटर रक्त घेतो, त्याहून कमी असेल तर ३५०. पिशवीत आधीपासून थोडं औषधी पाणी असतं. त्यामुळे रक्त गोठत नाही आणि पेशींना थोडी साखरही मिळते. पिशवी खालीवर हलवत ठेवतो ती हे पाणी रक्तात नीट मिसळावं म्हणून.

त्या रक्तातला निम्म्याहून जास्त भाग म्हणजे पिवळसर पाणी. हा प्लाझ्मा. रक्त गोठवणारी प्रथिनं, रोगाशी लढणारी प्रथिनं, अल्ब्युमिन हे सगळं यात विरघळलेलं असतं. उरलेला बहुतेक भाग तांबड्या पेशींचा. प्राणवायू वाहून नेणं हे त्यांचं काम. या दोहोंच्या मध्ये अगदी थोड्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. प्लेटलेट म्हणजे जखमेच्या तोंडाशी जाऊन चिकटणाऱ्या, रक्त थांबवणाऱ्या बारीक चकत्या. तांबड्या पेशीच्या जवळजवळ एक तृतीयांश आकाराच्या.

ज्याचं हिमोग्लोबिन पाचवर आलं आहे त्याला तांबड्या पेशी हव्या असतात. डेंगीत किंवा केमोथेरपीनंतर ज्याच्या नाकातोंडातून रक्त येतं आहे त्याला प्लेटलेट हव्या असतात. बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन जिचं रक्त गोठेनासं झालं आहे तिला बाकीच्या घटकांबरोबर प्लाझ्माही लागतो. एकाला लागणारा भाग दुसऱ्याला बहुधा नको असतो.

एकत्र ठेवलं तर काय बिघडतं

गरज वेगळी असणं हे एक कारण झालं. आमच्या दृष्टीनं दुसरं कारण जास्त अडचणीचं आहे. हे तिघं एका तापमानात टिकत नाहीत.

तांबड्या पेशी थंडीत टिकतात, २ ते ६ अंशांत. तिथे त्या साखर हळूहळू वापरतात. त्यांच्यासाठी बनवलेलं पोषक पाणी घातलं तर ४२ दिवस चालतात. पण त्या गोठल्या तर फुटतात, म्हणून बर्फ होऊ देऊन चालत नाही.

प्लाझ्माचं उलट. त्यातली रक्त गोठवणारी काही प्रथिनं नुसत्या थंडाव्यात दिवसागणिक निकामी होत जातात. म्हणून तो उणे ३० अंशांवर दगडासारखा गोठवतो. तसा तो वर्षभर टिकतो.

प्लेटलेटना मात्र थंडी अजिबात चालत नाही. फ्रीजमध्ये ठेवलेली प्लेटलेट आपला चपटा आकार सोडून गोल, काटेरी होते. अशी प्लेटलेट रुग्णाला दिली तर त्याचं शरीर तिला काही तासांत रक्तातून काढून टाकतं. त्यामुळे प्लेटलेट २० ते २४ अंशांवर ठेवतो आणि रात्रंदिवस हलवत ठेवतो. हलवायचं कारण साधं आहे. त्या जिवंत पेशी आहेत आणि त्यांना पिशवीच्या प्लॅस्टिकमधून प्राणवायू मिळत असतो. पिशवी एका जागी पडून राहिली की आत आम्ल साठतं आणि त्या मरू लागतात.

शिबिरात कुणीतरी काळजीनं म्हणतंच, "अहो, एवढ्या उकाड्यात पिशव्या बर्फावर नाही ठेवल्या?" ज्या पिशव्यांतून प्लेटलेट काढायच्या आहेत त्या मुद्दामच बर्फावर ठेवत नाही. त्यांची पेटी वेगळी असते आणि ती २०–२४ अंशांच्या आसपास राहील अशी व्यवस्था केलेली असते. बर्फावर गेलेल्या पिशवीतून तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा निघतात, पण कामाच्या प्लेटलेट निघत नाहीत.

रविवारची एक पिशवी

आता एका पिशवीच्या मागे मागे जाऊ. समजा कराडमध्ये गणेश मंडळाचं शिबिर आहे, वार रविवार. रक्तदात्याच्या हातात १० वाजून ४० मिनिटांनी सुई गेली आणि सात मिनिटांत पिशवी भरली. इथून घड्याळ सुरू झालं. सहा तासांत, फार तर आठ तासांत, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे व्हायला हवेत. म्हणजे आमच्या हिशेबानं पाच वाजायच्या आत.

पिशवी एकटी नसते, हे तुम्ही पाहिलं असेल. तिच्याबरोबर बारीक नळ्यांनी जोडलेल्या दोन किंवा तीन छोट्या पिशव्या लोंबत असतात. त्यांतल्या एकीत तांबड्या पेशींचं पोषक पाणी असतं, बाकीच्या रिकाम्या. हा सगळा संच कारखान्यातूनच बंद आणि निर्जंतुक येतो. रक्त एका पिशवीतून दुसरीत जातं, पण त्याला बाहेरची हवा कुठेच लागत नाही. पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत घ्यायचे तेव्हा हे शक्यच नव्हतं. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्ल वॉल्टर या शल्यविशारदानं प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि त्यानंतर रक्ताचे भाग करणं हे रक्तपेढीचं रोजचं काम होऊ शकलं.

दोन वाजता पिशवी रक्तपेढीत पोचली. ती सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे खूप वेगानं गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवतात. तत्त्व घरातलंच आहे. आषाढात नळाला आलेलं गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवलं की वाळू लगेच तळाला बसते, गाळ सावकाश बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. रक्तही नुसतं ठेवलं तर असंच निवळतं, पण त्याला तास न् तास लागतात. यंत्र फिरवून आम्ही तेच काही मिनिटांत करून घेतो.

यंत्रात समोरासमोर बसणाऱ्या भांड्यांचं वजन तराजूवर तंतोतंत जुळवावं लागतं. कमी पडलं तर वजनाच्या चकत्या घालून भरपाई करतात. वजन जुळलं नाही तर यंत्र थरथरतं, आणि नुकत्याच बसलेल्या थरांना तेवढी थरथर पुरे होते.

पहिली फेरी हलकी असते, आम्ही तिला सॉफ्ट स्पिन म्हणतो. तीनएक मिनिटं, बेतशीर वेगानं. तांबड्या पेशी जड आणि मोठ्या, त्या तळाला बसतात. प्लेटलेट हलक्या आणि बारीक असल्यामुळे एवढ्या वेळात खाली येत नाहीत, वरच्या प्लाझ्मात तरंगत राहतात. पिशवी न हलवता उचलून दोन पट्ट्यांच्या दाबयंत्रात उभी धरतात. वरचा पिवळा भाग नळीतून शेजारच्या रिकाम्या पिशवीत चढू लागतो. तंत्रज्ञाची नजर तांबड्या थरावर खिळलेली असते. तो थर नळीच्या तोंडाशी यायच्या आधी चिमटा लावायचा. उशीर झाला तर तांबड्या पेशी प्लेटलेटमध्ये शिरतात आणि पिशवी गुलाबी दिसू लागते. जास्तच गुलाबी झाली तर ती बाद. मग पोषक पाणी तांबड्या पेशींत सोडायचं, नळी उष्णतेनं सील करून तोडायची, आणि तांबडी पिशवी फ्रीजमध्ये. रुग्णालयाच्या चिठ्ठीवर "पीसीव्ही" लिहिलेलं असतं ते हेच.

दुसरी फेरी जोरदार. आता प्लाझ्मात तरंगणाऱ्या प्लेटलेट तळाला जाऊन बसतात. वरचा बराचसा प्लाझ्मा, साधारण दोनशे मिलिलिटर, दुसऱ्या पिशवीत काढून लगेच गोठवायला पाठवतात. तळाशी पन्नास-साठ मिलिलिटर प्लाझ्मा आणि प्लेटलेटचा चिकट थर उरतो. ही पिशवी घाईनं हलवली तर प्लेटलेटच्या गाठी होतात. म्हणून तिला तासभर नुसतं पडू द्यायचं, मग हलत्या फळीवर ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी उजेडासमोर धरून हलकेच कलती केली तर आत रेशमी लाटा फिरताना दिसतात. चपट्या प्लेटलेट उजेडात झळकतात म्हणून तसं दिसतं. लाटा दिसल्या नाहीत, नुसतं गढूळ पिवळं पाणी दिसलं, तर प्लेटलेट गोल होऊन बिघडल्या आहेत असं समजायचं. नवीन तंत्रज्ञाला आम्ही हे आधी बघायला शिकवतो.

काही पिशव्यांतून प्लेटलेट का निघत नाहीत

सुई नीट बसली नाही, शीर बारीक निघाली, मधेच हात हलला, आणि पिशवी भरायला दहा-बारा मिनिटांहून जास्त लागली, तर रक्तात गोठण्याची क्रिया सुरू झालेली असते. प्लेटलेट त्यातच खर्ची पडतात. म्हणून शिबिरातला माणूस पिशवीवर सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहितो. तुम्हाला मूठ उघडझाप करायला सांगतात, तेही रक्त वाहतं राहावं म्हणून.

दुसरं कारण अ‍ॅस्पिरिन. हृदयाच्या गोळ्यांत ते असतं, काही डोकेदुखीच्या गोळ्यांतही असतं. अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या माणसाच्या प्लेटलेट दिसायला चांगल्या असतात, पण चिकटायचं काम नीट करत नाहीत. तीन दिवसांत घेतली असेल तर त्या रक्तातून प्लेटलेट काढत नाही. फॉर्ममध्ये गोळ्यांचा प्रश्न त्यासाठी आहे. तो "नाही"वर टिक मारून पुढे जायचा प्रश्न नव्हे. डॉक्टरांनी दिलेली गोळी रक्तदानासाठी स्वतःहून बंदही करू नका, फक्त आम्हाला सांगा.

तिसरं कारण वडापाव. शिबिराला उपाशी येऊ नका असं आम्हीच सांगतो, आणि काही मंडळी दोन वडे, वर मिसळ असा बंदोबस्त करून येतात. तेलकट खाल्ल्यावर काही तास प्लाझ्मात चरबी उतरते आणि पिवळा दिसायचा तो प्लाझ्मा दुधाळ होतो. असा प्लाझ्मा टाकून द्यावा लागतो आणि रक्ताच्या तपासण्यांतही अडथळा येतो. पोहे, इडली, भाकरी-भाजी, केळं, काहीही चालेल. वडा नंतर खा, मंडळाचा असला तरी.

"मॅडम, पूर्ण रक्तच द्या ना, ताजं ताजं"

हे रुग्णाच्या नातेवाइकांकडून रोज ऐकायला मिळतं. पूर्ण रक्तात सगळंच येतं, म्हणजे ते जास्त ताकदीचं, असा समज आहे. पण फ्रीजमध्ये ठेवलेल्या पूर्ण रक्तातल्या प्लेटलेट दिवसाभरात निकामी झालेल्या असतात. प्लाझ्मातली काही प्रथिनंही उतरत जातात. शेवटी रुग्णाला मिळतात त्या तांबड्या पेशीच, सोबत दोनशे-अडीचशे मिलिलिटर नको असलेलं पाणी.

हे पाणी त्रास देऊ शकतं. पंच्याहत्तरीच्या आजींचं हिमोग्लोबिन सहा असेल आणि हृदय दुबळं असेल, तर तेवढा जादा भार छातीत पाणी साठायला पुरेसा होतो. त्यांना नुसत्या तांबड्या पेशी दिल्या तर एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एकानं वाढतं आणि भारही कमी पडतो. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांना तर तांबड्या पेशीच हव्यात. अपघातात किंवा बाळंतपणात भडाभडा रक्त जातं तेव्हा सगळेच घटक एकदम लागतात. तिथे पूर्ण रक्ताला अजून जागा आहे, आणि ते नसेल तर तिन्ही भाग प्रमाणात दिले जातात.

प्लाझ्मा मागायला आलेल्या नातेवाइकांना अर्धा तास थांबवतो, त्यावरून वादही होतात. गोठलेली पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात सावकाश वितळवावी लागते. गरम पाण्यात टाकून घाई केली तर ज्या प्रथिनांसाठी प्लाझ्मा द्यायचा तीच शिजतात.

"रक्त आम्ही फुकट देतो, तुम्ही तिघांकडून पैसे घेता"

हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. रक्ताला किंमत लावता येत नाही, प्रक्रिया शुल्क तेवढं घेता येतं. २०२४ च्या जानेवारीत हे पुन्हा बातम्यांत आलं होतं, कारण केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्व राज्यांना तशी लेखी आठवण दिली. शुल्काची कमाल मर्यादा राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद ठरवते. तेव्हाच्या दरांनुसार खासगी रक्तपेढीत तांबड्या पेशींच्या पिशवीला जास्तीत जास्त १,५५० रुपये घेता येत होते, प्लाझ्मा आणि प्लेटलेटचे दर त्याहून बरेच कमी. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त व घटक मोफत द्यायचे, असाही दंडक आहे.

खर्च कशाला होतो? जोडपिशव्यांचा संच साध्या पिशवीपेक्षा महाग असतो. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गरमी आणि मलेरिया या तपासण्या प्रत्येक रक्तदात्याच्या रक्ताच्या कराव्या लागतात. त्यांत दोष निघाला तर एक पिशवी जात नाही, तिन्ही जातात. उणे ३० चं डीप फ्रीजर आणि प्लेटलेटची हलती फळी वीज गेल्यावरही चालू ठेवावी लागतात. तरीही कुठे ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतलेले दिसले तर पावती ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. आमच्याबद्दल असलं तरी.

रविवारच्या दीडशे पिशव्या

आता मूळ प्रश्नाकडे. समजा त्या रविवारच्या शिबिरात दीडशे जणांनी रक्त दिलं. आमच्या यंत्रात एका वेळी बारा पिशव्या बसतात. दोन्ही फेऱ्या, वजन जुळवणं, चढउतार धरून बारा पिशव्यांना यंत्राचा अर्धा तास जातो. दीडशे पिशव्यांना तेरा खेपा, म्हणजे साडेसहा तास. गाडी दोन वाजता आली आणि पहिल्या पिशव्यांची मुदत तीनलाच संपते आहे. साधा हिशेब केला तरी निम्म्याअधिक पिशव्यांतून प्लेटलेट काढायला वेळ उरत नाही. त्यांचं पूर्ण रक्त होतं किंवा तांबड्या पेशी तेवढ्या निघतात.

धरून चालू की धावपळ करून साठ प्लेटलेट निघाल्या. तपासण्यांचे निकाल सोमवारी संध्याकाळी आले, तोवर एकही पिशवी देता येत नाही. प्लेटलेट पाच दिवस चालतात, म्हणजे शुक्रवारपर्यंत. ही मुदत उगाच कडक ठेवलेली नाही. खोलीच्या तापमानात चुकून एखादा जंतू शिरला असेल तर तो वाढत राहतो. अमेरिकेत ही मुदत सात दिवस केली होती, ती याच भीतीनं १९८६ मध्ये पुन्हा पाचवर आणली. आमच्या हाती राहिले मंगळवार ते शुक्रवार. त्या चार दिवसांत रोज दहा पिशव्या लागल्या तर चाळीस गेल्या, वीस शुक्रवारी रात्री पिवळ्या कचरापिशवीत. आणि शनिवारी सकाळी तालुक्याहून निरोप येतो: पाच प्लेटलेट हव्यात.

पाच का, तर एका पिशवीनं मोठ्या माणसाचा काउंट पाच ते दहा हजारांनीच वाढतो. म्हणून एका रुग्णाला चार-सहा जणांच्या पिशव्या एकदम लागतात. यंत्राला जोडून एकाच रक्तदात्याकडून प्लेटलेट घेतल्या, ज्याला एसडीपी म्हणतात, तर एकदम तीस ते पन्नास हजार वाढ मिळते. त्याला तास-दीड तास बसावं लागतं. बाकीचं रक्त तुम्हालाच परत जातं, त्यामुळे दोन दिवसांनंतर पुन्हा देता येतं, फक्त आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळांहून जास्त नाही. साध्या रक्तदानानंतर पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं, कारण तांबड्या पेशी आणि त्यांतलं लोह भरून यायला वेळ लागतो. प्लाझ्मा दोन दिवसांत भरतो.

डेंगीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. काउंट चाळीस हजार झाला म्हणून घाबरलेले नातेवाईक चिठ्ठी नसताना रांग लावतात. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेटची गरज पडत नाही, आणि पुष्कळांचा काउंट आपोआप चढतो. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. पण तुमच्या ग्रुपवर निरोप आला तर काउंट किती, रक्तस्राव आहे का आणि डॉक्टरांची चिठ्ठी आहे का, एवढं आधी विचारा.

मोठी शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. तांबड्या पेशी ४२ दिवस टिकतात, त्यांचा साठा या शिबिरांवरच उभा राहतो. माझं मागणं तुम्हा नियमित रक्तदात्यांपाशी आहे. तुम्ही रविवारी दीडशेंतले एक होण्याऐवजी बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी रक्तपेढीतच आलात, तर पिशवी दहा पावलांवरच्या यंत्रात तासाभरात जाते. तिच्या प्लेटलेट शुक्रवारी तयार असतात आणि पुढच्या सोमवार-मंगळवारपर्यंत चालतात. म्हणजे रविवारचा साठा संपतो नेमक्या त्या दिवसांत.

पत्रासोबत नोंदणीचा फॉर्म जोडला आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधला तुम्हाला सोयीचा एक बुधवार किंवा गुरुवार त्यावर लिहा. आधीच्या रक्तदानाची तारीखही लिहा, मुदत झाली आहे की नाही ते आम्ही पाहू. सकाळी साडेआठला दार उघडतं. नाश्ता करून या.

आपली,
रक्तपेढी अधिकारी